अकाउंट प्रायव्हेट केलं, तरी तो मेसेज आला कसा?

*ताई, मी २९ वर्षांची आहे. इन्स्टाग्रामवर सहाशेच्या आसपास फॉलोअर आहेत, त्यातले निम्मे कोण आहेत हे मलाही सांगता येणार नाही. नको ते लोक नको ते बोलायला लागले म्हणून मागच्या महिन्यात अकाउंट प्रायव्हेट केलं आणि निर्धास्त झाले. आठवडाभरात एका अनोळखी माणसाचा मेसेज आला, “निळ्या ड्रेसमध्ये छान दिसत होतात.” निळ्या ड्रेसमधला फोटो मी टाकलेलाच नाही, तो माझ्या मावसबहिणीने टाकलाय. त्यात नात्यातले एक काका माझ्या प्रत्येक फोटोखाली खोचक कमेंट करतात. त्यांना ब्लॉक केलं तर घरात विषय होईल. आता वाटतं, अकाउंटच बंद करून टाकावं. करू का? – एक वाचक*

सप्रेम नमस्कार,

बंद करायचं की नाही, ते शेवटी बघू. आधी तो माणूस तुमच्यापर्यंत पोहोचला कसा, याचा माग काढू, कारण उत्तर त्यातच आहे.

मावसबहिणीचं अकाउंट पब्लिक असणार. तिने फोटो टाकला आणि त्यावर तुम्हाला टॅग केलं. तो फोटो ज्याच्या समोर आला त्याने त्यावर बोट टेकवलं की टॅग केलेली नावं वर येतात. तुमच्या नावावर पुन्हा बोट टेकवलं की थेट तुमचं प्रोफाइल उघडतं. तिथे त्याला कुलूप दिसलं, तुमचा एकही फोटो दिसला नाही. प्रायव्हेट सेटिंगने आपलं काम चोख केलं होतं. पण तुमचं नाव, प्रोफाइलचा फोटो आणि बायो त्याला दिसले, आणि मेसेजचं बटणही दिसलं. त्याने ते दाबलं.

“प्रायव्हेट केलं आणि निर्धास्त झाले” असं तुम्ही लिहिलंय, तिथेच थोडं थांबू. प्रायव्हेट सेटिंग एकच गोष्ट ठरवतं: तुम्ही टाकलेलं कोण बघणार. दुसऱ्यांनी टाकलेल्या तुमच्या फोटोंवर त्याचा अधिकार चालत नाही. तुम्हाला मेसेज कोण पाठवू शकतो, हे ते ठरवत नाही. आणि जे सहाशे लोक आधीपासून आत आहेत, त्यातल्या एकालाही ते बाहेर काढत नाही. या तिन्ही गोष्टींसाठी वेगळी सेटिंग्ज आहेत आणि ती तुम्हाला स्वतः जाऊन लावावी लागतात. तुमच्याकडून काही चुकलं असं मुळीच नाही. ‘प्रायव्हेट’ म्हटल्यावर सगळं बंद झालं, असं कुणालाही वाटेल.

टॅगपासून सुरुवात करू. मावसबहिणीचा तो फोटो उघडा, फोटोवर बोट टेकवा, तुमचं नाव आलं की त्यावर टेकवा. तिथे Remove me from post हा पर्याय मिळेल. त्याच्या आसपासच Hide from my profile असा दुसरा पर्याय असतो आणि घाईत पुष्कळजण तोच निवडतात. त्याने फोटो फक्त तुमच्या पानावरून जातो, मावसबहिणीच्या फोटोवर तुमचं नाव तसंच राहतं. तुम्हाला तर नेमकं तेच काढायचंय, म्हणून पहिलाच पर्याय घ्या.

मग तुमच्या प्रोफाइलवर वरच्या कोपऱ्यातल्या तीन रेघा दाबून Settings and activity उघडा आणि Tags and mentions मध्ये जा. ही नावं ॲपच्या नव्या आवृत्त्यांत अधूनमधून जागा बदलतात. सापडलं नाही तर सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत tags टाईप करा. इथे तुम्हाला कोण टॅग करू शकेल याचे तीन पर्याय आहेत: सगळे, फक्त तुम्ही फॉलो करता ते, किंवा कुणीच नाही. बहुतेक ठिकाणी मधला पर्याय सुचवला जातो आणि ऐकायला तो समजूतदार वाटतो. पण तुमच्या बाबतीत बघा. मावसबहिणीला तुम्ही फॉलो करताच ना? म्हणजे मधला पर्याय आधीपासून लावलेला असता, तरी तो टॅग लागलाच असता आणि तो मेसेज आलाच असता. अनोळखी माणसाच्या टॅगमुळे इथे काही घडलेलं नाही. जवळच्या माणसाने प्रेमाने केलेला टॅग अनोळखी माणसापर्यंत पोहोचला. म्हणून तुम्हाला मी तिसरा पर्याय सुचवते, Don’t allow tags, निदान पुढचे काही महिने तरी.

त्याच पानावर टॅग आधी तपासून मंजूर करायची सोयही आहे, Manually approve tags. ती लावायला हरकत नाही, पण तिच्यावर विसंबू नका. टॅग केलेला फोटो तुमच्या प्रोफाइलवर दिसू द्यायचा की नाही, एवढ्यासाठी ती आहे. तुमचं प्रोफाइल आता तसंही फक्त फॉलोअरनाच दिसतं. तुमची अडचण मावसबहिणीच्या पानावरची आहे.

नवं सेटिंग पुढच्या टॅगना लागू होतं, जुने टॅग हातानेच काढावे लागतील. तुमच्या प्रोफाइलवर चौकटीतल्या माणसाचं चिन्ह असलेला रकाना आहे, त्यात आजवर टॅग झालेले फोटो सापडतील. सगळे काढायची गरज नाही. ज्यांनी फोटो टाकलाय त्यांचं अकाउंट पब्लिक आहे का, एवढं बघत चला. पब्लिक असेल तर टॅग काढा. अकाउंट प्रायव्हेट असेल तर तो फोटो त्यांच्या फॉलोअरपुरताच आहे, मग ठेवायचा की काढायचा हे तुमच्या मनावर.

आता जे सेटिंगने होणार नाही ते. टॅग काढला तरी फोटो जागच्या जागी राहतो. आणि मावसबहिणीने फोटोखालच्या ओळीत @ लावून तुमचं नाव लिहिलं असेल, तर ते तुम्हाला स्वतःला पुसता येत नाही. ते तिनेच पोस्ट एडिट करून काढायला हवं. पुढच्या वेळेसाठी Tags and mentions मध्येच @ च्या उल्लेखांनाही तसेच तीन पर्याय आहेत, तेही बंद करा. पण या फोटोसाठी तिला फोन करावा लागेल. मला वाटतं तुम्ही नेमकं हेच टाळताय, कारण पत्रात तिच्याविषयी एकच वाक्य आहे. सेटिंगवर सगळी भिस्त ठेवली तरी हे बोलणं टळत नाही, कारण कुणी तुम्हाला टॅग करायला गेलं आणि ते बंद असेल तर तसं त्याच्या स्क्रीनवर दिसतं. तिला पुढच्या समारंभात ते अचानक कळण्यापेक्षा आजच सांगा: “अगं, फोटो छान आलाय, पण त्यावरून मला नको त्या माणसाचे मेसेज येतायत. माझं नाव काढशील का?” इतकंच पुरे. फोटोच नको असेल तर तिला तो आर्काइव्ह करायला सांगा. त्याने फोटो डिलीट होत नाही, लाइक-कमेंटही जात नाहीत, फक्त इतरांना दिसायचा थांबतो. “डिलीट कर” म्हटलं की माणूस दुखावतो, “आर्काइव्ह कर” म्हटलं की सहसा दुखावत नाही.

दुसरी वाट मेसेजची. त्या माणसाचा मेसेज तुमच्या नेहमीच्या यादीत आलेला नसेल, रिक्वेस्टमध्ये आला असेल. रिक्वेस्ट उघडून वाचली तरी ती स्वीकारेपर्यंत त्याला ‘वाचलं’ असं दिसत नाही. त्यामुळे वाचून टाकलंत म्हणून काळजी करू नका. २०२३ पासून इन्स्टाग्रामने आणखी एक बंधन घातलंय: ज्याला तुम्ही फॉलो करत नाही त्याला रिक्वेस्ट स्वीकारली जाईपर्यंत एकच मेसेज पाठवता येतो, तोही नुसत्या शब्दांचा, फोटो-व्हिडिओ नाही. पण त्या एका मेसेजनेही झोप उडू शकते, हे तुम्ही अनुभवलंत.

सेटिंगमध्ये Messages and story replies आणि त्यात Message controls असं पान आहे. तिथे तुमचे फॉलोअर आणि इतर लोक यांच्यासाठी वेगवेगळं ठरवता येतं. इतर लोकांसाठी रिक्वेस्ट न घेण्याचा पर्याय निवडा. तुम्हाला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं, हेही मेसेजच्याच सेटिंगमध्ये ठरतं. ते फक्त तुम्ही फॉलो करता त्यांच्यापुरतं ठेवा, कारण थेट मेसेज जमला नाही की काहीजण ग्रुप काढून आत खेचतात. याची किंमत आहे. शाळेतली जुनी मैत्रीण शोधत आली, तर तिलाही तुम्हाला लिहिता येणार नाही. तुम्हाला ही किंमत आज परवडेल असं पत्रावरून वाटतं. ज्यांना कामाची विचारणा इन्स्टाग्रामवरून येते त्यांना ती परवडणार नाही. त्यांनी रिक्वेस्ट चालू ठेवाव्यात आणि Hidden Words मधून आक्षेपार्ह रिक्वेस्ट बाजूला पडतील अशी सोय करावी.

त्या माणसाचं काय? उत्तर देऊ नका, “तुम्हाला हा फोटो कुठे दिसला?” असंही विचारू नका. उत्तर दिलं की तुमच्यात संभाषण सुरू झालं असं धरलं जातं. एकच मेसेज असेल तर ब्लॉक करा. ब्लॉक करताना त्याने पुढे उघडलेली नवी अकाउंटही ब्लॉक करायचा पर्याय येतो, तोच घ्या. मेसेजमध्ये धमकी किंवा अश्लील काही असेल तर आधी स्क्रीनशॉट काढा, त्यात त्याचं युझरनेम दिसू द्या, मग रिपोर्ट करा आणि मग ब्लॉक.

आता सहाशे फॉलोअर. पत्रातल्या ज्या वाक्यावर तुम्ही सर्वांत कमी वेळ घालवलाय, ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: निम्मे कोण आहेत हे तुम्हालाही सांगता येणार नाही. असं असेल तर तुमचं अकाउंट तीनशे अनोळखी माणसांसाठी आजही उघडंच आहे. प्रायव्हेट केल्यानंतर नव्याने येणाऱ्यांना परवानगी लागते, आधी आलेल्यांना ती मिळालेली आहे.

फॉलोअरच्या यादीत प्रत्येक नावासमोर Remove आहे. ते दाबलं की ती व्यक्ती बाहेर. तिला सूचना जात नाही. तुमचे फोटो दिसेनासे झाले तर कधीतरी तिच्या लक्षात येईल, आणि परत यायचं असेल तर तिला विनंती पाठवावी लागेल. हे प्रायव्हेट अकाउंटवरच उपयोगी आहे. अकाउंट पब्लिक असताना काढलेला माणूस दुसऱ्या क्षणी पुन्हा फॉलो करू शकतो. म्हणून क्रम लक्षात ठेवा, आधी प्रायव्हेट, मग साफसफाई. तुमचा पहिला टप्पा झालेलाच आहे.

एका बैठकीत सहाशे नावं बघायला जाऊ नका, कंटाळून अर्ध्यावर सोडाल. रोज थोडी बघा. ज्या नावाचा चेहरा आठवत नाही आणि प्रोफाइल उघडूनही आठवत नाही, ते काढा. “उगाच कुणाला वाईट वाटायला नको” हा विचार इथे मनात येतोच. पण ज्याची ओळखच लागत नाही त्याला वाईट वाटू नये म्हणून आपले घरचे फोटो दाखवत राहायचे, हे कर्तव्य तुमच्यावर कुणी सोपवलं? शंका असेल तिथेही काढून टाका. खरोखर ओळखीचं कुणी असेल तर विनंती परत येईल, तेव्हा स्वीकारता येईल.

जाता जाता बायोही वाचून बघा. कुठे काम करता, कोणत्या भागात राहता असं काही असेल तर काढा, कारण अकाउंट प्रायव्हेट असलं तरी ते कुणालाही दिसतं. तसंच इतरांच्या पब्लिक पोस्टवर तुम्ही केलेल्या कमेंटही सगळ्यांना दिसतात आणि तिथूनही बोट टेकवून तुमच्या प्रोफाइलवर येता येतं. आणि इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट आपोआप फेसबुकवरही जात असतील तर तिथे फेसबुकचं सेटिंग लागू होतं, तेही एकदा बघून घ्या.

काकांचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे तुम्हाला त्यांना बाहेर काढायचं नाहीये, त्यांचं बोलणं फक्त थांबवायचंय. ब्लॉक केलं की तुमचं प्रोफाइल त्यांना सापडेनासं होतं, ते लक्षात येतं आणि मग घरात विषय होतो, हा तुमचा अंदाज बरोबर आहे. पण ब्लॉक करणं किंवा सहन करणं, असे दोनच मार्ग आहेत हे मात्र खरं नाही. त्यांच्या प्रोफाइलवर जाऊन तीन टिंबं दाबा आणि Restrict निवडा. त्यानंतर ते तुमच्या फोटोखाली लिहितील, त्यांना स्वतःला आपली कमेंट नेहमीसारखी दिसेल, बाकी कुणालाही दिसणार नाही. तुम्हालाही ती झाकलेली दिसेल. हवं तर उघडून वाचा, मंजूर करा, डिलीट करा किंवा तशीच राहू द्या. त्यांचे मेसेज रिक्वेस्टमध्ये जातील, आणि तुम्ही ऑनलाइन आहात का, मेसेज वाचलात का, हे त्यांना कळणार नाही. त्यांना याची कुठलीही सूचना जात नाही.

याच्या मर्यादा सांगते. काकांना तुमचे फोटो आणि स्टोरी दिसत राहतील. स्टोरी दाखवायची नसेल तर स्टोरीच्या सेटिंगमध्ये ती त्यांच्यापासून वेगळी लपवावी लागते. त्यांच्या जुन्या खोचक कमेंट हाताने डिलीट करा. आणि काकूंच्या फोनवर तुमचा तोच फोटो उघडून त्यांनी स्वतःची कमेंट शोधली, तर ती तिथे नाही हे त्यांना कळेल. तसं झालं आणि त्यांनी विचारलंच, तर “काका, तशा कमेंट मला आवडत नाहीत” हे एक खरं वाक्य तयार ठेवा. विषय होईल म्हणून तुम्ही घाबरताय, पण खोचक बोलणाऱ्याने घरात विषय काढायचा म्हटलं तर आधी आपण काय लिहिलं होतं ते त्याला सांगावं लागेल.

खोचकपणा एका माणसाचा नसून अनेकांचा असेल, अशा वाचकांनी Hidden Words मध्ये स्वतःची शब्दयादी करावी. शब्द स्वल्पविराम देऊन लिहायचे, म्हणजे ते असलेल्या कमेंट आपोआप लपतात. मराठी शब्द देवनागरीत तर लिहाच, पण रोमन लिपीतही लिहा आणि लोक जितक्या तऱ्हांनी स्पेलिंग करतात तितक्या तऱ्हांनी लिहा. आपल्याकडच्या शिव्या बहुधा रोमनमध्येच येतात, कधी एक a घालून, कधी दोन. इन्स्टाग्रामची तयार गाळणी ते सगळं पकडेल असं धरून चालू नका.

अकाउंट बंद करण्याबद्दल. करायला हरकत काहीच नाही, ते तुमचं आहे आणि इन्स्टाग्रामशिवाय कुणाचं अडत नाही. पण ज्या फोटोमुळे तुम्ही हे पत्र लिहिलंत तो मावसबहिणीच्या पानावर आहे, आणि तुमचं अकाउंट बंद झाल्यावरही तो तिथेच राहील. म्हणजे तिच्याशी बोलणं दोन्ही बाबतींत आहेच. आधी वरचं सगळं करून बघा. तरीही ॲप उघडताना पोटात गोळा येत असेल, तर अकाउंट तात्पुरतं निष्क्रिय करायची सोय आहे. तुम्ही पुन्हा लॉग इन करेपर्यंत प्रोफाइल, फोटो, कमेंट सगळं झाकलं जातं.

तुमच्यासारख्याच अडचणीतल्या आणखी दोघांसाठी थोडं. ज्यांचं अकाउंट बिझनेसचं आहे त्यांना प्रायव्हेटचा पर्याय मिळत नाही, आधी ते पर्सनल करावं लागतं. धंदा आणि घरचे फोटो एकाच अकाउंटवर असतील तर दोन वेगळी अकाउंट करणं जास्त सोयीचं. आणि आईवडिलांसाठी: सप्टेंबर २०२४ पासून इन्स्टाग्रामने टप्प्याटप्प्याने १६ वर्षांखालच्यांची सगळी आणि १८ वर्षांखालच्यांची नवी अकाउंट आपोआप प्रायव्हेट करायला सुरुवात केली, आणि १६ च्या आतल्या मुलांना ही बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण मुलाने खरी जन्मतारीख टाकली नसेल तर हे लागू होईलच असं नाही, म्हणून ती एकदा त्याच्या सोबत बसून बघा.

सगळं लावून झालं की तुम्हाला फॉलो न करणाऱ्या एखाद्या मैत्रिणीचा फोन मागून घ्या आणि तिच्या अकाउंटवरून स्वतःला शोधा. काय काय दिसतं ते बघा, तुम्हाला एक मेसेज पाठवून बघा. मग मावसबहिणीचा तो फोटो उघडून त्यावर बोट टेकवा. तुमचं नाव वर आलं, तर काहीतरी राहून गेलंय. पुन्हा Remove me from post पासून तपासा.